डायलिसिससाठी आठवड्यातून तीन दिवस दुपारी १२ वाजता कामावर येण्याची परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : १८ मे २०२६
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब, मनुष्यबळ विभाग
मार्फत : मा. स्टोअर प्रमुख

माननीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि मार्चपासून माझे डायलिसिस चालू आहे, हे आपल्याला माहीत आहेच. आईने मला मूत्रपिंड द्यायचे ठरवले आहे. तिच्या तपासण्या आणि प्रत्यारोपणाच्या परवानगीचे काम सुरू झाले आहे, पण त्याला काही महिने लागतील. तोपर्यंत आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस घ्यावेच लागेल. त्यासाठी २ जून ते २८ नोव्हेंबर २०२६ या सव्वीस आठवड्यांत दर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी साडेआठऐवजी दुपारी १२ वाजता कामावर येण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

आतापर्यंत केंद्रात मशीन रिकामे असेल ती वेळ मला मिळत होती. कधी सकाळची, कधी दुपारची. त्यामुळे मी कामावर केव्हा असेन हे आदल्या दिवशीही सांगता येत नव्हते. आवक गाडी गेटवर उभी आणि चलन कोणी घ्यायचे ते ठरलेले नाही, असे वारंवार झाले. स्टोअरमधल्या माणसांनी मला फार सांभाळून घेतले. पण हे महिनोन्महिने असेच चालू ठेवणे त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून मुंबई नाक्याजवळच्या केंद्रात मी सकाळच्या पाळीसाठी नाव नोंदवून ठेवले होते. जूनपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी ६ ते १० ही वेळ मला कायमची मिळाली आहे.

चार तास मशीनवर गेल्यावर सुया काढतात. रक्त पूर्ण थांबेपर्यंत ती जागा दाबून धरावी लागते, मग बीपी आणि वजन बघतात. एका वेळी अंगातले दोन-अडीच लिटर पाणी काढलेले असते, त्यामुळे लगेच उठून चालता येत नाही. खाऊन, थोडे बसून पावणेअकराच्या सुमारास मी निघू शकतो. महामार्गाची गर्दी धरूनही पावणेबारापर्यंत अंबडला पोहोचेन. १२ ही वेळ मी हे सगळे धरून सांगितली आहे. अकरा सांगून रोज अर्धा तास उशीर करण्यापेक्षा हे बरे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असाही पर्याय केंद्राने दिला होता. पण सोमवारी रविवारची तुंबलेली आवक असते आणि शुक्रवारी साप्ताहिक स्टॉकचा अहवाल जातो. हे दोन दिवस मी पूर्ण वेळ हजर असायला हवे, म्हणून मी मंगळवारची साखळी निवडली. संध्याकाळच्या पाळीचेही विचारून पाहिले. तिथे जागा नाही, आणि असती तरी तीन वाजता, म्हणजे गाड्या यायच्या वेळेलाच, मला निघावे लागले असते.

वेळेचा हिशेब असा आहे. दिवसाला साडेतीन तास याप्रमाणे आठवड्याला साडेदहा तास कमी भरतील. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मी पाचऐवजी साडेसहापर्यंत थांबेन. त्यातून साडेचार तास भरून निघतील. उरलेले सहा तास माझ्या अर्जित रजेतून वजा करावेत. सव्वीस आठवड्यांचे जास्तीत जास्त १५६ तास, म्हणजे आठ तासांच्या दिवसाप्रमाणे साडेएकोणीस दिवस होतात. माझी २४ दिवसांची रजा शिल्लक आहे. तासांवर रजा धरण्याची पद्धत नसेल तर तेवढे तास बिनपगारी धरले तरी माझी हरकत नाही. या काळात १५ ऑगस्ट शनिवारी आणि दसरा मंगळवारी येतो. डायलिसिस त्या दिवशीही असेल, पण कंपनीला सुट्टी असल्याने ते तास हिशेबात येणार नाहीत. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत आहे, त्यामुळे त्यासाठी कंपनीकडे काही मागत नाही.

या तीन सकाळी आवक गणेश बघेल. त्याच्याशी आणि स्टोअर प्रमुखांशी बोलून झाले आहे. तो गेटवर चलन घेऊन नग मोजेल आणि माल तपासणीच्या जागी लावेल. जीआरएन मी १२ नंतर करेन आणि त्याच दिवशी पूर्ण करेन. ज्या पुरवठादारांच्या गाड्या ठरलेल्या असतात त्यांना या तीन दिवशी दुपारनंतर माल पाठवायला सांगता येईल. आपण होकार दिलात की मी स्वतः त्यांना फोन करेन. लाईनला तातडीचा माल लागला तर तो देण्याचे अधिकार सकाळपुरते गणेशला द्यावेत, एवढी एक लेखी सूचना आपल्याकडून हवी आहे. नाहीतर सही कोणाची यावर लाईन थांबेल आणि बोल त्याला लागेल.

महिनाअखेरची मोजणी यांपैकी एखाद्या दिवशी आली तर मी ती आदल्या दिवशी सुरू करेन. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर थांबायला मात्र मला सांगू नये. त्या दिवशी बीपी उतरते, चक्कर येऊ शकते, आणि रॅकजवळ ते धोक्याचे आहे.

डायलिसिस पुढे ढकलता येत नाही, हे मला विशेष करून सांगायचे आहे. शनिवार ते मंगळवार हे अंतर आधीच सगळ्यांत मोठे असते. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साठून धाप लागते आणि रक्तातले पोटॅशियम वाढले तर थेट हृदयावर परिणाम होतो. ऑडिट असो, ग्राहकांची भेट असो, त्या सकाळी मला बोलावू नये. केंद्रातले मशीन बिघडले किंवा वेळ बदलली तर मी लगेच स्टोअर प्रमुखांना कळवेन. डायलिसिसनंतर तब्येत बरी नसेल आणि कामावर येता येणार नसेल तर साडेदहाच्या आत फोन करेन. तो दिवस पूर्ण रजेचा धरावा.

माझ्या डाव्या हातावर फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली आहे. आता सुया त्याच हाताला लावतात. त्या हाताने जड खोके उचलायचे नाही, हातावर दाब येऊ द्यायचा नाही आणि त्यावर बीपी मोजायचे नाही. ही गोष्ट प्रथमोपचार कक्षातल्या ताईंना आणि माझ्या पाळीतल्या माणसांना सांगितली तर मला बरेच वाटेल. बाकी आजाराचा तपशील मात्र आपल्यापुरता आणि स्टोअर प्रमुखांपुरताच ठेवावा. सगळ्यांनी रोज तब्येत विचारली की काम करणे जड जाते.

प्रत्यारोपणाची तारीख ठरली की मी लगेच कळवेन. त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या रजेचा अर्ज वेगळा करेन. तारीख २८ नोव्हेंबरच्या पुढे जाईल असे दिसले तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुदतवाढ मागेन. जून संपल्यावर एकदा आपण, स्टोअर प्रमुख आणि मी बसून ही व्यवस्था नीट चालते का ते पाहावे. गणेशवर भार जास्त पडत असेल तर तेव्हा फेरफार करता येईल.

अकरा वर्षे मी हे स्टोअर सांभाळतो आहे. घरी बसून प्रत्यारोपणाची वाट बघण्यापेक्षा मला काम करत राहायचे आहे, आणि आठवड्याचे उरलेले तास मी ते पूर्वीसारखेच करू शकतो, याची मला खात्री आहे.

डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणि केंद्राने दिलेले वेळेचे पत्र सोबत जोडले आहे. पुरवठादारांना आणि केंद्राला आधी कळवावे लागेल, म्हणून सोमवार २५ मेपर्यंत आपला लेखी निर्णय मिळावा. काही विचारायचे असल्यास या बुधवारी किंवा शुक्रवारी मी दिवसभर स्टोअरमध्ये आहे, बोलावल्यास लगेच येईन.

आपला विश्वासू,
संदीप
स्टोअर विभाग, जनरल शिफ्ट