तासाची नोंद आणि दिवसाचा हिशेब : गुरुवार, कोथरूड

दर तासाला गजर झाल्यावर वाचायचा मजकूर : गेल्या तासात काय करायचे ठरले होते ते नको, प्रत्यक्षात काय झाले, कोणत्या कामासाठी झाले आणि त्याला किती मिनिटे लागली, एवढेच लिहावे. आठवत नसेल तर तसेच नोंदवावे. अंदाजाने तास भरू नये.

१०:०० – चरित्रग्रंथाचे मुद्रितशोधन ५० मिनिटे, चहा आणि मोबाइल १०.

११:०० – दिवाळी अंकातील दोन कथा जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणल्या. रूपांतर पाच मिनिटांत झाले. मात्र रफार शेजारच्या अक्षरावर सरकले होते आणि जोडाक्षरे तुटली होती, ती ओळीओळीने दुरुस्त करण्यात उरलेली ५५ मिनिटे गेली.

१२:०० – त्याच अंकाची मांडणी ४५, मुखपृष्ठाचा दर विचारणारा फोन १५.

१:०० – गुरुवारच्या देखभालीच्या कामामुळे वीज नव्हती. कागदावर मुद्रितशोधन ४०, पुन्हा तोच फोन २०. दर अजून ठरलेला नाही.

(१ ते २ जेवण, हिशेबात नाही.)

३:०० – अप्पा बळवंत चौकात प्रुफे पोचवली. प्रवास ३०, त्यातला निम्मा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात. प्रकाशकांशी दुरुस्त्यांविषयी बोलणे ३०.

४:०० – परतीचा प्रवास २५, अंकासाठी चित्रे निवडणे १५, उरलेली २० मिनिटे आठवत नाहीत.

५:०० – मुद्रितशोधन, पूर्ण तास.

६:०० – अंकाची मांडणी ४०, बिल करणे २०.

दिवसअखेरचा हिशेब : एकूण ८ तासांपैकी प्रकाशकांशी झालेले बोलणे धरून मुद्रितशोधनाला ३ तास आणि दिवाळी अंकाला २ तास ४० मिनिटे लागली, म्हणजे ज्याचे पैसे मिळतील असे काम ५ तास ४० मिनिटांचे झाले. प्रवासात ५५, मुखपृष्ठाच्या चौकशीत ३५, बिलात २०, चहात १० आणि बेपत्ता २० मिनिटे गेली.

मुद्रितशोधनाची ३० पाने पानाला २५ रुपये या दराने झाली, म्हणजे ७५० रुपये. केवळ कामाचे तास धरले तर तासाला २५० रुपये पडतात, परंतु ज्या प्रवासाचे कोणीही पैसे देत नाही तो त्यात मिळवला की तोच दर सुमारे १९१ रुपयांवर येतो. तेव्हा दुरुस्त्या यापुढे पीडीएफवर पाठवाव्यात आणि प्रकाशकांना छापील प्रुफेच हवी असतील, तर नेण्या-आणण्याचा खर्च बिलात वेगळा दाखवावा.

अंकाचे काम ठोक रकमेत घेतले आहे आणि फाँटच्या दुरुस्तीचा वेळ ती रक्कम ठरवताना धरलाच नव्हता. आणखी सहा कथा त्याच फाँटमध्ये आहेत. त्या लेखकांकडून युनिकोडमध्ये मिळतील का, हे उद्या दहाच्या आत संपादकांना विचारावे. मुखपृष्ठाचा दर फोनवर न बोलता लेखी कळवावा.