ओंकार, दुकानांच्या सर्व्हेबद्दल

ओंकार, ग्रुपवर सगळ्यांसमोर नको म्हणून तुला एकट्याला लिहितेय.

बेदाण्यांच्या प्रोजेक्टमध्ये दुकानांचा सर्व्हे तू स्वतःहून घेतला होतास. शुक्रवारी, 3 तारखेला द्यायचा होता. तू बुधवारपर्यंत वेळ मागितलास, आम्ही दिला. आज 11 तारीख. शीटमध्ये तुझ्या 12 दुकानांपैकी 2 भरलीत, तीही अर्धवट. गुरुवारी केलेल्या मेसेजला निळी टिक आली, उत्तर नाही. उशिरापेक्षा मला ते जास्त लागलं, खरं सांगते.

घरी छाटणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीयेत, हे माहितीये. पिंपळगावहून रोजचं येणंजाणं आहे, तेही दिसतं. पण जमत नाही हे 3 तारखेलाच बोलला असतास, तर तेव्हाच काम वाटून घेतलं असतं. आता सगळं तुझ्या आकड्यांवर अडलंय. दुकानदार बेदाणा कितीने घेतो, स्वतःचं मार्जिन किती ठेवतो, सुटा जास्त खपतो की पाकिटातला, हे कळल्याशिवाय 250 ग्रॅमच्या पाकिटाचा भाव कशावर ठरवायचा? तुषारने अंदाजाने एक आकडा टाकून ठेवलाय. व्हायवात सरांचा पहिला प्रश्न तोच असणार, "हा कुठून आला?" प्राइसिंग थांबलं म्हणून श्रुतीचं बजेटही थांबलंय, आणि ती काल रात्री एकपर्यंत तुझ्या शीटची वाट बघत बसली होती.

एक मार्ग सुचतोय. सगळी दुकानं नाशकातलीच हवीत असं काही नाही. उद्या रविवार आहे, तर पिंपळगावातली 6 किराणा दुकानं तू कर. सोमवारी लेक्चर संपल्यावर तुषार आणि तू रविवार कारंजा ते मेनरोड चालत 4 करा. एका दुकानाला दहा मिनिटं पुरतात. फक्त संध्याकाळी नका जाऊ, दिवाळीच्या गर्दीत कोणी उभंही करणार नाही. आधीच्या दोन दुकानांचं राहिलेलं फोनवर विचारून घे. मंगळवारी रात्री 9 पर्यंत सगळं शीटमध्ये हवं. कच्चं चालेल, नीट मी करेन.

मंगळवारनंतर मात्र थांबता येणार नाही, शुक्रवारी 17 ला सबमिशन आहे. नाही आलं तर बुधवारी आम्ही तिघं दुकानं वाटून घेऊ, आणि कोणी काय केलं त्या पानावर सर्व्हेसमोर तुझं नाव नसेल. सरांनी विचारलं तर जे झालं तेच सांगू. तुला न सांगता हे करायचं नव्हतं, म्हणून आधीच कळवतेय.

घरी छाटणीपेक्षा मोठं काही चालू असेल तर फोन कर, रात्री 11 पर्यंत जागी आहे. तसं असेल तर सर्व्हे आम्ही घेतो, तू घरी बसून पीपीटी कर.

आज रात्रीपर्यंत एवढंच कळव, मंगळवार जमतोय की नाही. "नाही" असेल तरी चालेल, पण उत्तर दे.

सायली