सव्वा

काळेबाईंनी गणिताच्या घटक चाचणीचा गठ्ठा रविवारी तपासून संपवला, तेव्हा सर्वांत कमी गुण सोपानचे होते : वीसपैकी चार. घटक अपूर्णांकांचा होता. पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्यापासून अशा मुलांची नावे त्या लाल शाईने वेगळी लिहून ठेवत. सोपानच्या नावापुढे त्यांनी वर्णनात्मक नोंद केली, ‘अपूर्णांकाची मूलभूत संकल्पना स्पष्ट नाही. अधिक सराव आवश्यक.’ हे वाक्य त्यांच्या हाताला इतके सवयीचे झाले होते, की ते लिहिताना त्यांनी उत्तरपत्रिकेकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नाही.

मंगळवारी शाळा सुटल्यावर त्या बाजारात गेल्या. जुन्नर तालुक्यातल्या त्या गावाचा आठवडी बाजार तेव्हा उलगत आला होता. गोणपाटावर लसूण आणि आले मांडून एक म्हातारी बसली होती आणि तागडी सोपानच्या हातात होती. एका गिऱ्हाइकाने सव्वा किलो लसूण व अर्धा किलो आले मागितले. लसूण एकशे साठ रुपये किलो, आले ऐंशी. सोपानने पारड्यात किलोचे आणि पावाचे वजन टाकले, दांडी स्थिर होईपर्यंत लसणाचे दोन गड्डे काढले, एक परत घातला आणि पिशवी पुढे करता करता म्हणाला, “दोनशे आणि चाळीस, दोनशे चाळीस.” पाचशेच्या नोटेतून दोनशे साठ रुपये त्याने मोजून परत दिले.

मग त्याची नजर बाईंवर पडली आणि तागडी त्याने पाठीमागे लपवली. म्हातारी मात्र कौतुकाने म्हणाली, “बाई, हिशोबाला लई पक्का हाय बगा माझा नातू. मंगळवारी ह्यो नसला तर माझं काय खरं नाय.”

त्या रात्री बाईंनी सोपानची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. १/२ + १/४ या उदाहरणासमोर त्याने २/६ लिहिले होते, आणि पुढची तीनही उदाहरणे त्याने त्याच रीतीने सोडवली होती, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. सगळी चुकलेली, पण चूक एकच. ‘एक पूर्णांक एक चतुर्थांश म्हणजे किती?’ या प्रश्नाखालची जागा कोरी होती. हाच मुलगा दुपारी सव्वा किलो तोलत होता! बाईंनी हजेरीपट उघडला. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज त्यांनी ज्या दोन दिवशी शिकवली होती, ते दोन्ही मंगळवार होते आणि सोपानच्या नावापुढे दोन्ही दिवशी गैरहजेरीची खूण होती. न शिकवलेल्या गोष्टीची परीक्षा घेऊन त्यांनी त्याच्या समजेवर शेरा मारला होता. याची त्यांना मनापासून लाज वाटली.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला जवळ बसवले.

“अर्धा आणि पाव मिळून किती रे?”

“पाऊण.” उत्तर द्यायला त्याला क्षणही लागला नाही.

“मग हे काय लिहिलंस?” त्यांनी २/६ वर बोट ठेवले.

सोपान बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. “बाई, हे अर्धा आणि पाव आहे?”

बाईंनी कागदावर एक चौकोन काढून त्याचे चार पाव पाडले. अर्ध्यात पाव किती, हे त्याला सांगावे लागले नाही. त्याने स्वतःच १/२ खाली २/४ लिहिले, शेजारी १/४ मांडला आणि बरोबरच्या चिन्हापुढे ३/४ लिहून मान वर केली. “म्हणजे खालचा आकडा वजनाचा, अन् वरचा किती वजनं टाकली त्याचा.” इतकी वर्षे अंश आणि छेद शिकवूनही बाईंनी हे इतक्या थोडक्यात कधी सांगितले नव्हते.

चार गुण त्यांनी वाढवले नाहीत. नोंदवहीतले जुने वाक्य मात्र खोडले आणि लिहिले, ‘पाव, अर्धा, पाऊण, सव्वा पक्के. तोंडी हिशोब अचूक. लेखी मांडणी आज सुरू केली. पुन्हा चाचणी घ्यायची, मंगळवार सोडून.’ मग त्याला खरोखर काय येत नाही हे पाहण्यासाठी त्यांनी १/३ + १/६ घातले.

सोपानची पेन्सिल थांबली. “बाई, तीनाचं वजन नसतं.”

बाईंनी वहीतून एक लांब पट्टी फाडली आणि तिचे तीन सारखे भाग पडतील अशा घड्या घालायला सांगितल्या. पहिली घडी सवयीने बरोबर मधोमध पडली. सोपानने ती उलगडली, बोटाने सपाट केली आणि पट्टीचे टोक या वेळी थोडे अलीकडे धरून पाहिले.