'नाशिककर, माहितीये का?' – सिरीजचा साचा, भाग पासपोर्टचा

सुरुवात (दर भागात हीच, एक शब्द बदलायचा नाही, कॅमेऱ्यात बघून):
"ओ नाशिककर, मिसळ नंतर, आधी हे ऐका!"

फॅक्ट (इथे घाई नको, नाशिकरोड स्टेशनची पाटी दाखवायची, प्रेसचं आतलं काहीही शूट करायचं नाही, गेटपाशी पण नाही, उगाच लफडं नको):
"तुमच्या कपाटात पासपोर्ट पडलाय ना, त्याचं कोरं पुस्तक छापलं जातं ते आपल्या नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. ही प्रेस 1925 ची. त्याच्या आधी आपल्याकडच्या पत्रांवरची तिकिटं कुठून छापून यायची माहितीये? लंडनहून, बोटीने! 1926 पासून ती इथे छापायला लागले आणि 1928 ला शेजारीच नोटांची प्रेस पण सुरू झाली, पहिली नोट पाच रुपयांची."

(नोटांवर जास्त बोलू नका, तो पुढचा भाग आहे. वर्षं स्क्रीनवर मोठ्या आकड्यात, आवाज बंद ठेवून बघणारेच जास्त असतात.)

पंच (एक सेकंद गप्प, मग हसत):
"म्हणजे दुबईला गेलेला तुमचा मित्र नाशिकला कधी आला नसेल, पण त्याचा पासपोर्ट पक्का नाशिककर आहे!"

इथेच कट. 'लाईक करा, शेअर करा' अजिबात नको, पंचची वाट लागते.