सोलकढीसाठी कोकम आगळ, बिनसाखरेचं, 500 मि.ली.

शोधल्यावर दिसणारं शीर्षक आणि त्याखालचा सारांश:

```html
<title>सोलकढीसाठी कोकम आगळ, बिनसाखरेचं, 500 मि.ली.</title>
<meta name="description" content="पिकलेल्या रातांब्यांचा मिठातला रस. साखर नाही, वरून रंग नाही. एका बाटलीत आठ नारळांची सोलकढी. ₹180. वेंगुर्ल्याहून घरपोच.">
```

पानावरचा मथळा:

सोलकढीसाठी कोकम आगळ: रातांबे आणि मीठ, तिसरं काही नाही

मथळ्याखालचा मजकूर:

हे सरबत नाही, हे आधीच सांगते. पूर्वी या पानावर नुसतं ‘शुद्ध कोकण कोकम’ एवढंच लिहिलेलं होतं. ते वाचून नागपूरच्या एका ताईंनी दोन बाटल्या मागवल्या, गार पाण्यात साखर घालून पाहुण्यांपुढे ठेवलं आणि सगळ्यांची तोंडं खारट झाली. चूक त्यांची नव्हती, आमच्या मथळ्याची होती. म्हणून आता पहिलाच शब्द ‘सोलकढीसाठी’. गोड सरबत हवं असेल तर आमचं अमृत कोकम घ्या, त्यात साखर असते.

आगळ आम्ही वर्षातून एकदाच करतो. एप्रिल-मे महिन्यात रातांबे लालबुंद पिकतात आणि पावसाच्या आत सगळं उरकावं लागतं. भिजलेलं फळ टिकत नाही. रातांबे धुऊन, पुसून, फोडून बिया वेगळ्या काढतो (त्या टाकत नाही, त्यांचं मुठेल होतं, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायला). साली आणि गर मिठाबरोबर बरणीत जातात. सासूबाई रोज सकाळी लाकडी डावाने बरणी तळापासून ढवळतात. धातूचा चमचा त्या बरणीच्या जवळही येऊ देत नाहीत, कारण आंबट रसाने धातू खराब होतो आणि रसालाही चव लागते. मिठाने सालीचं पाणी सुटत जातं, रस गडद जांभळट लाल होतो. मग तो गाळून काचेच्या बाटलीत भरतो. पाणी घालत नाही. उकळतही नाही. टिकतं ते मिठावर आणि फळाच्या स्वतःच्या आंबटपणावर.

सोलकढीचं माप आमच्या घरचं असं: एका नारळाच्या दुधाला चार टेबलस्पून आगळ. दोन लसूण पाकळ्या आणि अर्धी हिरवी मिरची ठेचून घाला, वरून कोथिंबीर. मीठ घालू नका, आधी चव बघा. आगळात ते भरपूर असतं. कढी गॅसवर ठेवू नका, नारळाचं दूध फाटतं. आगळ थोडं थोडं घालून ढवळत राहा, दूध आधी फिकट गुलाबी होईल, मग रंग चढेल. हवा तिथे थांबा. बांगड्याच्या कालवणातही आमसुलाऐवजी दोन चमचे चालतं, फक्त शेवटी घाला आणि मीठ बेताने.

दर हंगामात रंग थोडा कमीजास्त होतो. बाटलीच्या तळाशी गाळ बसतो, तो गराचाच आहे. वापरण्याआधी बाटली हलवा. न उघडलेली बाटली थंड, अंधाऱ्या जागी वर्षभर राहते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवलीत तर रंग चांगला राहतो. रक्तदाबामुळे मीठ कमी खायला सांगितलं असेल तर हे रोज घेऊ नका, हे विकणारी असूनही सांगते.

किंमत ₹180, टपालखर्च वेगळा. बाटली काचेची आहे, जाड पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवतो. तरी फुटून आली तर फोटो पाठवा, दुसरी पाठवू. फुटकी परत मागणार नाही.

याच हंगामातल्या दुसऱ्या दोन पानांची शीर्षकं आणि सारांश:

```html
<title>कोकम आमसूल, उन्हात वाळवलेलं, 250 ग्रॅम</title>
<meta name="description" content="आमटीला, साराला, माशाच्या कालवणाला. रातांब्याच्या सालीला त्याच्याच रसाची पुटं देऊन उन्हात वाळवलेलं मऊ आमसूल. ₹160.">
```

```html
<title>अमृत कोकम, सरबतासाठी गोड पाक, 750 मि.ली.</title>
<meta name="description" content="एक भाग पाक, चार भाग गार पाणी, चिमूटभर जिरेपूड. यात साखर आहे. सोलकढीला चालणार नाही, त्यासाठी आमचं आगळ घ्या. ₹220.">
```

आमसुलाच्या पानावर मथळ्याखाली एवढंच: ‘बोटाने दाबलं की दबतं, पिशवी उघडली की वास येतो. कडक, काळं पडलेलं आमसूल आम्ही पाठवत नाही. वापरण्याआधी धुऊन घ्या, मीठ असतं.’