प्लॉट विक्रीचा करारनामा (बयाणापत्र)

(₹500 च्या मुद्रांकावर, ताबा न देता)

आज दि. 12 जानेवारी 2026 रोजी, मुक्काम नागपूर.

लिहून देणार (विक्रेते): (1) श्रीमती कुसुम वामनराव ढोबळे, वय 63, धंदा घरकाम, (2) श्री. नितीन वामनराव ढोबळे, वय 38, धंदा नोकरी, दोघे रा. मानेवाडा, नागपूर.

लिहून घेणार (खरेदीदार): श्री. प्रशांत मधुकर खोब्रागडे, वय 41, धंदा नोकरी, रा. अजनी, नागपूर.

करारनामा लिहून देतो तो असा की, मौजा बेसा, तह. नागपूर (ग्रामीण), जि. नागपूर येथील अकृषक ले-आउटमधील प्लॉट क्र. 27, लांबी 50 फूट, रुंदी 30 फूट, एकूण 1,500 चौ. फूट (139.35 चौ. मी.), हा कै. वामनराव यांनी नोंदणीकृत खरेदीखताने घेतला होता. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा व विवाहित मुलगी (रा. पुणे) असे तीन वारस आहेत. चतु:सीमा: पूर्वेस प्लॉट क्र. 28, पश्चिमेस प्लॉट क्र. 26, उत्तरेस 30 फुटांचा रस्ता, दक्षिणेस प्लॉट क्र. 34.

हे की, सदर प्लॉटचा सौदा ₹2,400 प्रति चौ. फूट दराने एकूण ₹36,00,000 (अक्षरी छत्तीस लाख रुपये) ला ठरला. पैकी ₹51,000 टोकन दि. 4 जानेवारीला चेकने व ₹4,49,000 आज आर.टी.जी.एस.ने, मिळून ₹5,00,000 बयाणा विक्रेता क्र. 1 यांच्या खात्यात जमा झाला, तो पावला. बाकी ₹31,00,000 पैकी ₹22,00,000 बँकेच्या कर्जातून व ₹9,00,000 खरेदीदार स्वतः, खरेदीखताच्या वेळी देतील. रोखीने कोणीही काही घ्यायचे-द्यायचे नाही.

हे की, खरेदीखत दि. 15 एप्रिल 2026 पर्यंत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचे. नोंदणी होताच त्याच दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत प्लॉटवर उभे राहून रिकामा ताबा द्यायचा. तोवर ताबा विक्रेत्यांचाच. सर्व्हर बंद असल्याने वा कार्यालयाच्या सुट्टीने नोंदणी अडली, तर 7 कामाचे दिवस वाढतील व ती कोणाचीही कसूर धरली जाणार नाही. मुद्रांक व नोंदणी खर्च खरेदीदाराचा. ताबा तारखेपर्यंतचा कर विक्रेत्यांचा.

हे की, प्लॉट क्र. 28 च्या मालकाची विटांची भिंत सुमारे दीड फूट आत आल्याचे उभय पक्षांनी पाहणीत पाहिले आहे. विक्रेत्यांनी 28 फेब्रुवारीपर्यंत स्वखर्चाने सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून द्यायचे व भिंत काढवून घ्यायची. ती ताबा तारखेपर्यंत हटली नाही, तर खरेदीदाराने सौदा मोडावा किंवा प्रत्यक्ष जेवढी जागा मिळेल तेवढीच घेऊन त्याच दराने किंमत कमी करावी, निवड खरेदीदाराची. (कोपऱ्यातला कडुनिंब तसाच राहील, लोखंडी फाटक मात्र विक्रेते काढून नेतील. यावर आधी बरीच बोलाचाली झाली, म्हणून लिहून ठेवले.)

हे की, मुलीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र व वारस फेरफार विक्रेत्यांनी 10 मार्चपर्यंत आणायचे. मुलगी आज हजर नाही व तिची संमती फोनवरच मिळाली आहे, हे खरेदीदारास माहीत आहे. तिने सही नाकारली तर सौदा आपोआप रद्द होईल व पूर्ण ₹5,00,000 15 दिवसांत परत करायचे. आईच्या हाती नसलेल्या गोष्टीसाठी दंड मात्र नाही. शोध अहवालात बोजा, दावा किंवा तिसऱ्याचा हक्क निघाल्यास, अथवा भिंतीमुळे खरेदीदाराने सौदा मोडल्यास तशीच पूर्ण परतफेड. 15 दिवस उलटल्यावर त्या रकमेवर द.सा.द.शे. 12 व्याज लागेल.

बँकेने कर्ज नाकारले व खरेदीदाराने 10 मार्चपूर्वी तसे लेखी पत्र दाखवले, तर टोकनचे ₹51,000 विक्रेत्यांकडे राहतील व ₹4,49,000 परत होतील. तारखेनंतर दाखवलेले पत्र चालणार नाही.

हे की, मुदत हा या कराराचा गाभा आहे. विक्रेत्यांची सर्व कागदपत्रे तयार असताना खरेदीदाराने खरेदी टाळली, तर विक्रेत्यांनी स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही खरेदी न केल्यास ₹2,50,000 जप्त होतील, उरलेले ₹2,50,000 30 दिवसांत परत करायचे. सगळा बयाणा बुडवण्याची अट विक्रेत्यांनी सोडून दिली आहे. विक्रेत्यांनी कबूल करून खरेदीखत टाळले किंवा दुसऱ्याशी सौदा केला, तर तशाच नोटिशीनंतर बयाणा ₹5,00,000 व वर ₹2,50,000 भरपाई द्यावी लागेल. किंवा भरपाई न घेता, विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 अन्वये कोर्टातून खरेदीखत करून घेण्याचा हक्क खरेदीदारास राहील.

हे की, वाद झाल्यास नागपूरच्या न्यायालयात चालेल. करार दोन प्रतींत केला, प्रत्येकाकडे एक प्रत.

सबब हा करारनामा वाचून, वाचवून, समजून, राजीखुशीने, कोणत्याही नशापाण्याशिवाय व दबावाविना लिहून दिला.

विक्रेता क्र. 1: सही / कुसुम वा. ढोबळे (डाव्या हाताचा अंगठाही घेतला)
विक्रेता क्र. 2: सही / नितीन वा. ढोबळे
खरेदीदार: सही / प्रशांत म. खोब्रागडे

साक्षीदार:
1) सही / रमेश शंकर बावणे, रा. मानेवाडा, नागपूर
2) सही / सुनील देवराव मेश्राम, रा. अजनी, नागपूर