ताई, रविवारपर्यंत थोडा वेळ दे

ताई, मेसेज लांब होणारे, म्हणून आईला झोपवून निवांत बसशील तेव्हाच वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच काही लिहायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

सगळ्यात आधी हे सांगते की मी तुझ्याशी बोलणं बंद केलेलं नाहीये. परवा रात्री तुझे चार मिस्ड कॉल आले, चारही वेळा फोन माझ्या हातातच होता, वाजताना बघत होते. उचलला असता तर एकतर रडले असते नाहीतर परत तेच भांडण सुरू झालं असतं, म्हणून नाही उचलला. पण नुसता न उचलता ठेवून दिला ते चुकलंच, निदान दोन ओळी टाकायला हव्या होत्या की आत्ता बोलवत नाहीये, उद्या मेसेज करते. त्याबद्दल सॉरी.

मला रविवारपर्यंत वेळ हवाय. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी तुला फोन करेन, मीच करेन, तू वाट बघत बसायचं नाही आणि आधी कोणी करायचा असला हिशोबही नको. तोपर्यंत माझं डोकं शांत झालेलं नसलं तरी फोन करेनच आणि तसं सांगेन. तुला ती वेळ जमणार नसेल तर दुसरी सांग.

आता असं का म्हणतीये ते. आईला तुझ्याकडे हलवायचं ठरत होतं तेव्हा आपलं वाजलं होतं आणि मी तीन आठवडे गप्प बसले होते, आठवतंय ना? नंतर तू म्हणालीस, चिडलीस एवढं तरी सांगायचंस गं, मला वाटलं तू मला सोडूनच दिलंस. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. मला लागलं की मी आत जाऊन बसते, लहानपणापासूनचं आहे ते, आणि तुझं बरोब्बर उलट, विषय मिटल्याशिवाय तुला झोप लागत नाही. म्हणजे मी गप्प बसून स्वतःला सावरते तेव्हा तू तिकडे रात्र रात्र जागी असतेस. हे मला कळतंय म्हणून या वेळी आधीच सगळं सांगून ठेवतीये, वार आणि वेळेसकट.

लगेच बोलून का टाकत नाही, तर काल तुला तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा चौथ्या ओळीपर्यंत येऊन मी तू काय म्हणालीस आणि मी काय काय करते याची यादीच करायला लागले. खोडलं सगळं. अजून तुझं ते ‘पाहुणी म्हणून येतेस’ आठवलं की छाती धडधडते आणि तुझं पुढचं काही मला ऐकूच येत नाही, नुसतं उत्तर तयार व्हायला लागतं. अशा अवस्थेत फोनवर आले तर तुला काय म्हणायचंय ते माझ्यापर्यंत पोचणारच नाही आणि मला ते खरंच ऐकायचंय.

माझ्या बाजूचं जे आत्ताच सांगता येतंय ते सांगून टाकते, त्यासाठी रविवारची गरज नाही. त्या दिवशी मी तुझ्याकडे आले, चप्पल काढली, आणि तुझ्याशी धड बोलायच्या आत आईच्या गोळ्यांचा तो सात दिवसांचा डबा उघडला. गुरुवारचा रात्रीचा कप्पा भरलेला दिसला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, ताई ही गोळी राहिलीये, लक्ष कुठे असतं तुझं. तू नंतर सांगितलंस की आई त्या रात्री उलट्या करत होती आणि तू तीन वाजेपर्यंत तिच्याजवळ बसून होतीस, डॉक्टरांना फोनही केला होतास. मी विचारलंच नाही. दोन आठवड्यांनी येऊन मला एक भरलेला कप्पा दिसला आणि बाकीचे रिकामे दिसलेच नाहीत, जे तूच रोज वेळेवर रिकामे करतेस. ‘लक्ष कुठे असतं’ हे मी बोलायला नको होतं आणि त्याची माफी मी आत्ताच मागतीये, रविवारच्या बोलण्यातून काहीही निघो.

तू म्हणालीस की मी पाहुणी म्हणून येते आणि चुका काढून जाते, ते मला खूप लागलं. त्यात किती खरं आहे हेच मला या दिवसांत शांतपणे बघायचंय, आणि जे खरं वाटत नाही तेही आवाज न चढवता तुला सांगायचंय. आत्ता त्यात शिरत नाही, आणि तूही इथे त्याचं स्पष्टीकरण देऊ नकोस प्लीज, मेसेजवर आपलं दोघींचंही बोलणं असतं त्यापेक्षा कडक वाटतं.

आईचं काहीही थांबायला नको. रोज रात्री आठला मी तिला फोन करतीये तो करेनच. तू उचललास तर नेहमीसारखं ‘देते हं’ म्हणून दे, मीही नेहमीसारखीच बोलेन, फक्त भांडणाचा विषय तेव्हा नको, आई शेजारीच असते आणि तिला सगळं कळतं. बुधवारच्या तपासणीचे रिपोर्ट मला पाठव, त्या दिवशी दुपारनंतर मी सुट्टी घेतलीये, डॉक्टरांशी फोनवर बोलायला किंवा औषधं मागवायला मी मोकळी आहे, हक्काने सांग. आणि रात्रीबेरात्री काही झालं, आईला किंवा तुलासुद्धा, तर सरळ फोन कर, मी वेळ मागितलाय म्हणून चुकूनसुद्धा थांबू नकोस. या दिवसांत माझे रिप्लाय तुटक आले, नुसतं ‘बरं’ किंवा ‘बघते’, तर तो राग समजू नकोस, मी मुद्दामच कामापुरतं बोलतीये. निळी टिक दिसून उत्तर आलं नाही तरी मी वाचलंय एवढंच समज.

घरात मी कोणाला काही बोललेली नाही. आईने काल विचारलं आवाज असा का, तर दमलीये म्हणाले. भाऊजींनाही मध्ये घालू नकोस गं, त्यांचा मान आहेच, पण हे आपल्या दोघींचं आहे आणि ते मध्ये पडले की आपण त्यांच्या समाधानासाठी हो हो म्हणून मोकळ्या होतो, मूळचं तसंच राहतं. मागच्या वेळी तसंच झालं होतं. तुला मात्र मन मोकळं करावंसं वाटलं तर त्यांच्याशी बोल, माझ्याबद्दल बोललीस तरी चालेल, एकटीने मनात ठेवू नकोस.

एक विनंती आहे. रविवारी मला तुझा एक पूर्ण दिवस सांगशील का, सकाळी उठल्यापासून, आईची अंघोळ, गोळ्या, तुझं ऑफिस, रात्रीचं जागरण, सगळं. मी मध्ये बोलणार नाही. त्यातलं मी इथे राहून काय काय उचलू शकते ते मग ठरवू, नुसते पैसे पाठवण्यापलीकडचं. माझंही थोडं सांगायचंय, तेही तू ऐक.

रिप्लाय द्यायचा असेल तर नुसतं ‘वाचलं’ टाक, पुरे आहे. आणि आज रात्री आई झोपली की तूही झोप, भांडी राहू देत.

रविवारी पाचला.